नव्या कपाटाचा वास: किती दिवसांचा, कशाचा, आणि घालवायचा कसा?

बदनापूरला माझ्या मावसभावाच्या घरी वैशाखात लग्न होतं. आठ दिवस आधी मधल्या खोलीला रंग दिला आणि चौथ्या दिवशी पार्टिकल बोर्डचं नवं कपाट आलं. उन्हाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या दिवसभर बंद. संध्याकाळी खोली उघडली की वासाचा भपका यायचा, आणि त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. मावशी म्हणाली, "अरे, रंगाचा वास आहे, दोन दिवसांत जाईल." खोलीत कापूर जाळला, कांदा कापून ठेवला, कोपऱ्यात कोळशाची टोपली ठेवली. लग्न पार पडलं, वास मात्र तिथंच राहिला.

मावशीचं अर्धं बरोबर होतं. रंगाचा वास जातो. ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइन असतं, ते उडून गेल्यावरच रंग वाळतो. पहिले काही दिवस वास उग्र असतो, मग झपाट्यानं उतरतो आणि हवा खेळती असेल तर दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ संपतो. पाण्यात कालवायच्या इमल्शनचा वास तर त्याहून कमी असतो. म्हणजे इथं मूळ साठा संपतो.

कपाटाचं तसं नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि कपच्या एका डिंकात घालून गरम दाबाखाली बसवलेल्या. स्वस्त बोर्डात हा डिंक बहुतेक वेळा युरिया आणि फॉर्मल्डिहाइडचा असतो. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकाला जो डोळ्यांत झोंबणारा वास येतो, तो फॉर्मॅलिनचा, म्हणजे याच फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावाचा. बोर्डात थोडं फॉर्मल्डिहाइड सुटं राहिलेलं असतं, ते आधी बाहेर पडतं. पण हवेतल्या ओलाव्यानं डिंकही हळूहळू तुटतो आणि नवं फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं. त्यामुळे जोर ओसरला, तरी थोडं-थोडं महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं येत राहतं. उष्णता आणि दमट हवा दोन्ही त्याला जोर देतात. उन्हाळ्यात गेलेला वास आषाढात पुन्हा जाणवू लागला, तर तो रंगाचा नाही, बोर्डाचा आहे असं समजा.

"एका कपाटानं काय होतंय?" असं वाटतं, म्हणून हिशेब मांडून बघू. कपाट 7 फूट उंच, 4 फूट रुंद, 2 फूट खोल. दोन बाजू, वरखाली दोन फळ्या, पाठ, दारं आणि आत चार कप्पे धरले, तर बोर्ड 132 चौरस फूट भरतो. प्रत्येक फळीला दोन तोंडं, म्हणजे 264 चौरस फूट. खोली 10 बाय 12 ची, तिची जमीन 120 चौरस फूट. एका कपाटातून हवेत उघडणारा पृष्ठभाग जमिनीच्या दुपटीहून जास्त झाला.

उष्णता किती फरक करते, हे अमेरिकेत कळून आलं. 2005 च्या कतरिना वादळात बेघर झालेल्या कुटुंबांना सरकारनं तात्पुरती फिरती घरं दिली होती, आतून प्लायवूड आणि बोर्डानं मढवलेली. डोळे झोंबतात, खोकला थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं 2007-08 च्या हिवाळ्यात 519 घरं तपासली. फॉर्मल्डिहाइडची सरासरी 77 पीपीबी निघाली, म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत 77 भाग. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारणपणे याच्या कितीतरी खाली असतं. उन्हाळ्यात ते आणखी चढेल म्हणून उन्हाळ्याआधीच माणसं हलवा, असा सल्ला केंद्रानं दिला. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीचं काय होत असेल, ते यावरून समजून घ्यावं. हा वायू नुसता त्रासदायक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. एका कपाटानं कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही. पण वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात श्वासात घेणं टाळलं पाहिजे.

आता कांदा, कापूर आणि कोळसा. कांद्यानं वास झाकला जातो, वायू तसाच राहतो. कापूर-उदबत्तीच्या धुरानं हवेत भर पडते, आणि उदबत्तीच्या धुरात फॉर्मल्डिहाइड स्वतःच असतं. चुलीतला कोळसा काही शोषत नाही म्हटलं तरी चालेल. सक्रिय कार्बन टर्पेंटाइनसारख्या वाफा धरतो, फॉर्मल्डिहाइड मात्र फार कमी, आणि भरला की निकामी होतो. झाडांवरही लोकांचा फार विश्वास आहे. नासाचा 1989 चा प्रयोग छोट्या बंद पेट्यांत झाला होता. 2019 मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा पुन्हा हिशेब झाला, तेव्हा उघड्या खिडकीइतकं काम व्हायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. मधल्या त्या खोलीत कमीत कमी 110 कुंड्या!

वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, हीसुद्धा चूक आहे. नाक काही मिनिटांत सरावतं. खरी खूण बाहेरून आलेल्या माणसाची. दोन तास अंगणात बसून परत या आणि कपाटाचं दार उघडून आत श्वास घ्या. तेव्हा काय जाणवतं ते धरा. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मीटरवर विसंबू नका, अत्तरानं किंवा सॅनिटायझरनंही त्यांचा आकडा उडतो.

मग आम्ही काय केलं? कपाट रिकामं केलं, कारण कपडे वास धरून ठेवतात. दारं काढून पडवीत उभी केली, खण बाहेर ठेवले. दुपारी खोली बंदच ठेवली, पण आत कुणी राहायचं नाही. त्या तापलेल्या वेळी बोर्डातला सुटा वायू जास्त बाहेर येतो, तो सायंकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून आणि एक टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून बाहेर ढकलायचा. पहाटेपर्यंत खिडक्या उघड्या. असे एकवीस दिवस केले. मुलीला तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत झोपवलं. तिचे डोळे तिसऱ्या दिवसापासून निवले.

कूलरबद्दल एक सांगायला हवं. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत आणतो, त्यामुळे समोरची खिडकी उघडी असेल तर त्याचा फायदाच आहे. तोच कूलर खोलीच्या आत ठेवून दारं लावली, तर हवा तीच फिरते आणि ओलावा वाढतो. हे सगळ्यात वाईट.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सुताराचा. बोर्डाची मोकळी कड, भिंतीकडची पाठ, स्क्रूची आणि बिजागरीची भोकं, खणांचा खालचा भाग, यांतूनच वायू जास्त निघतो. सनमायका असलेल्या तोंडातून फार कमी. सुतारानं कडांना एज बँड लावली आणि उघड्या जागांवर लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले. त्याचा स्वतःचा वास चार दिवसांत गेला. त्यानंतरच्या श्रावणात कपाटाचा वास अगदी नाक लावल्यावर जाणवत होता.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारा की बोर्ड ई-1 प्रतीचा आहे का, आणि पाठ व कडा बंद आहेत का. लोखंडी कपाटात हा डिंकच नसतो, त्यामुळे लहान मुलांच्या खोलीत तेच बरं. आणि कुठलंही बोर्डाचं कपाट लग्नाच्या तोंडावर आणू नका. महिनाभर आधी आणून ओसरीत उघडं ठेवा, मगच खोलीत न्या.