सकाळी अडकणारं बोट

झोपेतून उठल्यावर बोट मुडपलेलंच राहतं आणि दुसऱ्या हाताने ओढलं की ‘टक्’ करून सुटतं, याला ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. टक् जाणवतं बोटाच्या मधल्या सांध्यात, म्हणून बाम तिथेच चोळला जातो. खरी अडचण मात्र तळहातात, बोटाच्या मुळाशी असते. तिथे दाबून पाहा: दुखरी, मटाराएवढी गाठ लागते आणि बोट हलवलं की तीही सरकते.

बोट वळवणारा टेंडन तिथे एका चिवट कड्याखालून जातो. कडं जाड झालं आणि टेंडन सुजला, की नेफ्यात नाडीची गाठ अडावी तसा तो अडतो. मूठ वळवणारे स्नायू दणकट असल्यामुळे गाठ आत ओढली जाते. बोट उघडणारे दुबळे, त्यांना ती परत आणता येत नाही. रात्रभर बोटं मुडपलेली असल्याने आणि सूजही साचल्याने सकाळी त्रास जास्त होतो.

शिवणकाम करणाऱ्या, मधुमेह असलेल्या एखाद्या बावन्न वर्षांच्या बाईंची अनामिका अशी अडकते असं धरू. नुसतं दुखत असेल, अधूनमधून अडकत असेल, तर कात्री आणि घट्ट पकडीची कामं कमी करून रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी काही आठवडे वापरून पाहता येते. बोट रोज अडकू लागलं की स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा विचार होतो. ते टेंडनच्या आवरणाजवळ देतात. आराम पडायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. बऱ्याच जणांचं एका इंजेक्शनवर भागतं. मधुमेहात मात्र गुण कमी येतो, शिवाय चार-पाच दिवस साखर वाढते. तेव्हा आपला मधुमेह डॉक्टरांना आधी सांगावा आणि ते दिवस साखर तपासत राहावी.

त्रास उलटला तर दुसरं इंजेक्शन देतात. त्यानंतरही बोट अडत असेल, किंवा ओढूनही उघडत नसेल, तर शस्त्रक्रिया. नाव मोठं, काम छोटं: तेवढीच जागा बधिर करून तळहातावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद देतात आणि कडं कापून मोकळं करतात. टेबलावरच बोट हलवायला सांगतात, त्यामुळे अडकणं गेलं की नाही ते तिथेच कळतं. त्याच दिवसापासून बोटं हलवायची, नाहीतर ती आखडतात. टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. व्रण काही आठवडे दुखरा राहतो. जंतुसंसर्ग किंवा नसेला इजा क्वचित होते.

महिनोन्‌महिने मुडपलेल्या बोटाचा सांधाच आखडतो. मग कडं कापूनही ते पूर्ण सरळ होईलच असं नाही. आमवात असेल तर शस्त्रक्रियेचा बेतही बदलतो, कारण तिथे कडं न कापता सुजलेलं आवरण काढणं बरं पडतं. आणि बोट लाल, गरम, टम्म सुजलेलं असेल, जरा सरळ केलं तरी कळ येत असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.