बत्तीस हजारांची उचल

महिन्याच्या मधल्या आठवड्यात हिशेबाच्या खिडकीशी कोणी उगाच घुटमळायला लागलं, की ओळखावं: उचल हवी आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी बरीच वर्षं पगारपत्रकं केली. उचल मागायला येणारा माणूस बहुतेक वेळा दुखण्यापासून सुरुवात करायचा. कोण पडलं, किती रक्त गेलं, डॉक्टर काय म्हणाले. शेठ ऐकून घ्यायचे, हळहळायचे आणि शेवटी विचारायचे, "किती पाहिजेत?" उत्तर यायचं, "बघा शेठ, तुम्हाला जमतील तेवढे." या उत्तरावर गाडी अडायची.

मालकाच्या मनात त्या वेळी वेगळंच चाललेलं असतं. आजार खरा आहे का, ही शंका फार क्वचित असते. यापूर्वी पैसे घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलेला कोणीतरी त्याला आठवत असतो, आणि याला दिले तर उद्या आणखी चौघं येतील, हेही. त्यामुळे दुःख कितीही खरं असलं तरी या दोन प्रश्नांना त्यात उत्तर नसतं. ते हिशेबात असतं.

एका सीएनसी ऑपरेटरचं उदाहरण सांगतो. जुलैच्या १८ तारखेला त्याची आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याने ८५,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला. त्याच्याजवळ २३,००० होते, भावाने ३०,००० द्यायचं कबूल केलं. उरले ३२,०००. तो माझ्याकडे आला तेव्हा "पन्नासेक हजार मागतो" म्हणत होता. मी त्याला खाली बसवलं आणि दवाखान्याचा कागद मागितला. पन्नास हा आकडा धास्तीतून आला होता, बत्तीस कागदावरून.

मग घरखर्च मांडला. हातात येणारा पगार २४,०००. भाडं, किराणा, शाळा, वीज, पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि आता आईची औषधं धरून २१,४०० जायचे. उरत होते २,६००. दोन हजारांचा हप्ता धरला तर सहाशे रुपये हाताशी राहत होते, आणि घरात तेवढे राहायलाच हवेत. दिवाळीला मागच्या वर्षी ८,००० बोनस मिळाला होता. तो पूर्ण वळता करायची त्याची तयारी होती. बारा हप्ते २,००० चे, म्हणजे २४,०००, अधिक बोनसचे ८,०००. बत्तीस हजार बरोबर बसले.

पहिला हप्ता कोणत्या पगारातून, हा प्रश्न लोक हमखास विसरतात. आईसाठी त्याच्या चार बिनपगारी रजा होणार होत्या. २६ दिवसांच्या हिशेबाने दिवसाला ९२३ रुपये, म्हणजे जुलैच्या पगारातून सुमारे ३,७०० आधीच गेले. त्यातच हप्ता कापला असता तर किराणा उधारीवर आला असता. म्हणून हप्ता ऑगस्टच्या पगारापासून लिहिला.

अर्ज एवढाच होता:

"माझ्या आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी ३२,००० रुपये उचल मिळावी, ही विनंती. दवाखान्याचा अंदाज सोबत जोडला आहे. रक्कम सोमवारपर्यंत लागेल. ती थेट दवाखान्याच्या खात्यात भरली तरी चालेल. ऑगस्टच्या पगारापासून दरमहा २,००० प्रमाणे १२ हप्ते आणि दिवाळीच्या बोनसमधून ८,००० कापून घ्यावेत. मधे नोकरी सोडल्यास राहिलेली रक्कम माझ्या अखेरच्या हिशेबातून वळती करण्यास माझी संमती आहे."

शेवटचं वाक्य मालकाच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. "थेट दवाखान्याच्या खात्यात" हेही तसंच. आणि "उपकार", "पाया पडतो" यांतला एकही शब्द नाही. अर्ज दुपारी, शेठ एकटे असताना द्यायचा, हे मात्र मी त्याला बजावलं होतं. शॉपफ्लोअरवर चारचौघांत मागितलं तर मालकाला सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यावं लागतं, आणि ते बहुधा नकाराचं असतं.

शेठ म्हणाले, "देतो, पण वर्षभर नको. सहा महिन्यांत फेड." इथे बहुतेक जण गळ्यापर्यंत आलेलं असल्यामुळे मान डोलावतात. बोनसचे आठ हजार वजा करून उरलेले चोवीस हजार भागिले सहा म्हणजे महिन्याला ४,०००, आणि घरात उरत होते २,६००. दर महिन्याला १,४०० चा खड्डा पडला असता आणि तो बुजवायला तिसऱ्या महिन्यात माणूस पुन्हा खिडकीशी आला असता. पहिली उचल फिटायच्या आत दुसरी मागणारा मालकाच्या नजरेतून उतरतो. बारकाईने पाहिलं तर दोष मागण्यात नसतो, न पेलणाऱ्या हप्त्याला दिलेल्या होकारात असतो.

त्याने हप्ता वाढवला नाही, रक्कम कमी केली. "मग २०,००० द्या. सहा महिने दोन-दोन हजार आणि बोनसचे आठ." शेठ तयार झाले. राहिलेल्या १२,००० साठी बायकोची कर्णफुलं बँकेत तारण गेली. त्यांचं व्याज त्या सहाशेतून निघत होतं.

उचल या शब्दाला आपल्याकडे एक कडवट वास आहे, आणि तो बीडकडच्या ऊसतोड मजुरांमुळे आहे. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे कोयत्याला, उचल देतो. ती फिटली की नाही, हे त्याच्याच वहीत असतं. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच्याकडेच जावं लागतं. कर्जापोटी माणूस असा बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पगारातल्या कपातीलाही मर्यादा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत सगळ्या कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाहीत. अर्थात निम्मा पगार गेला तर कोणाचं घर चालेल? कायद्याचा आकडा ही मालकाला घातलेली वेस आहे, तो आपला हप्ता नव्हे.

म्हणून दोन गोष्टींवर मी अडून बसायचो. एक, तारण म्हणून सही केलेला कोरा चेक, मूळ प्रमाणपत्रं किंवा एटीएम कार्ड द्यायचं नाही. कोऱ्या चेकवर पुढे कोणीही कितीही आकडा भरू शकतो, आणि तो वटला नाही तर फौजदारी तक्रार होते. अखेरच्या हिशेबातून वळती करण्याची लेखी संमती पुरेशी असते. दुसरी गोष्ट पगाराच्या पावतीची. तीवर नुसती "कपात २,०००" असून भागत नाही, "उचल बाकी" किती तेही दर महिन्याला छापलेलं हवं. आमच्याकडे एकदा एका वेल्डरचे आठ हप्ते कापले गेले होते आणि वहीत सातच चढले होते. त्याने पावत्या जपून ठेवल्या होत्या, म्हणून दहा मिनिटांत मिटलं. चूक माझीच होती.

ऑपरेटरची आई दसऱ्यापर्यंत वॉकर घेऊन अंगणात यायला लागली होती. दिवाळीला त्याच्या पाकिटात बोनस नव्हता, मिठाईचा डबा तेवढा होता. जानेवारीच्या पगाराची पावती मी खिडकीतून दिली, तेव्हा त्याने आधी खालची ओळ वाचली. उचल बाकी: ०. मग म्हणाला, "भाऊ, अर्जाची मूळ प्रत पण द्या. आणि त्यावर 'फिटली' असं लिहून सही करा."