ओटा किती वेळ ओला होता?

रविवारी चिकन धुताना सिंकमधलं पाणी ओट्यावर उडतं आणि त्याच हातानं एग्झॉस्टचं बटण दाबलं जातं. मग स्प्रेचे दोन फवारे, लगेच फडक्याचा एक हात, की ओटा चकाचक. बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ असं ठळक छापलेलं असतंच. मागच्या बाजूला बारीक अक्षरात त्याची अट असते: पृष्ठभाग अमुक वेळ ओला राहू द्या.

हा वेळ उत्पादनानुसार अर्ध्या मिनिटापासून १० मिनिटांपर्यंत असतो. औषधाला जंतूचं आवरण फोडायला तेवढा अवधी लागतो आणि ते ओलं असेतोवरच काम करतं. समजा, लेबलवर ४ मिनिटं लिहिली आहेत. डोक्यावर पंखा फिरत असेल, तर पातळ थर त्याआधीच वाळतो. अल्कोहोलचा स्प्रे तर बघता बघता उडून जातो. म्हणून पंखा बंद करावा, ओटा चमकेल इतका भिजवावा, मोबाइलवर वेळ लावावी आणि मध्ये कोरडा पट्टा दिसला तर पुन्हा फवारावं. शेवटी साध्या पाण्यानं पुसून घ्यावं, कारण त्याच ओट्यावर पोळी लाटायची असते. अल्कोहोलचा स्प्रे असेल तर गॅस आधी बंद हवा, हे वेगळं सांगायला नकोच.

पण फवारण्याआधी एक काम असतं. चिकनचं रक्त, तेलाचा थर, सांडलेलं पीठ यांच्याआड जंतू सुखरूप बसतात आणि औषधाचा जोरही तिथंच खर्ची पडतो. आधी टिश्यूनं टिपून तो कचऱ्यात टाकावा, मग साबणाच्या पाण्यानं ओटा धुवावा.

फडकंही निमूटपणे दगा देतं. अनेक स्प्रेंमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं आणि ते सुती धाग्यांना चिकटून बसतं. जुन्या बनियनच्या फडक्यावर औषध ओतलं, तर बरंचसं फडक्यातच राहतं. वाइपची गोष्ट निराळी. तो सिंकपासून फ्रिजच्या हँडलपर्यंत फिरवला, तर वाळत जातो आणि पहिल्या जागेचे जंतू पुढच्या जागेवर नेऊन ठेवतो. २००८मध्ये वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांना रुग्णालयांतल्या वाइप्सबाबत हेच आढळलं. त्यांचा सल्ला होता: एक वाइप, एक जागा, एकदाच.

बटणांवर थेट फवारा मारू नये. फटीतून द्रव आत जातो. एमसीबी पाडून, पिळलेल्या वाइपनं बटण पुसावं आणि पूर्ण वाळल्यावरच वीज सुरू करावी. एवढ्याशा ओलीत ४ मिनिटं भरणं अवघडच. त्यामुळे बटणाला हात लावण्याआधी हात धुणं अधिक खात्रीचं.

आणि काही जागी वेळ पाळूनही उपयोग नसतो. ही औषधं कठीण, न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी असतात. लाकडी पोळपाट, सुरीच्या चरांनी भरलेला चॉपिंग बोर्ड आणि टाइल्समधल्या सांध्यांत द्रव खोल पोचत नाही. कडप्प्याची शंका असेल, तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाच-दहा मिनिटं थांबावं. थेंबाखाली गडद डाग उमटला, तर दगड पाणी पितो आहे. तिथं कच्चं चिकन थेट ठेवण्यापेक्षा स्टीलची परात घ्यावी.