चार पानांचं संमतीपत्र एका पानावर

पित्ताशयात खडे झाले की दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकण्याचं ऑपरेशन आता सर्रास होतं. त्याचं संमतीपत्र मात्र कधी कधी चार पानांचं असतं आणि नातेवाईक विचारतात ते एवढंच, की सही कुठे करायची. हा मजकूर एका पानावर येऊ शकतो. प्रश्न आहे तो कात्री कुठे लावायची याचा.

सुरुवात कापण्याने करू नये. आधी मूळ मजकुरातल्या प्रत्येक धोक्याला क्रमांक द्यावा. मग रुग्णालयाला जबाबदारीतून मोकळं करू पाहणारी वाक्यं काढावीत; निष्काळजीपणा झालाच असेल, तर रुग्णाची सही तशीही डॉक्टरांना वाचवत नाही. तीच तीच वाक्यंही जातात. निम्मा कागद इथेच मोकळा होतो.

आता धोके. मूळ वाक्य साधारण असं असतं: ‘शस्त्रक्रियेदरम्यान पित्तवाहिनीस इजा होऊन पुढील उपचारांची आवश्यकता भासण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ ते असं लिहावं: ‘यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नळीला इजा होऊ शकते. हजारात साधारण तीन ते पाच जणांना असं होतं. झाल्यास दुसरं मोठं ऑपरेशन लागू शकतं.’ शब्द फारसे कमी झाले नाहीत, हे खरं. पण काय होईल, कितपत होईल आणि झाल्यावर पुढे काय, हे तिन्ही कळलं. थोडक्यात लिहिण्याच्या नादात हाच मुद्दा ‘इतर अवयवांना इजा’मध्ये विरघळतो, आणि या ऑपरेशनमधला सर्वांत महत्त्वाचा धोका कागदावरून नाहीसा होतो.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्त झिरपणं, नळीत खडा राहून जाणं, भुलीचे धोके यांना एकेक ओळ पुरते. खांदादुखीसारखे किरकोळ त्रास वेगळे लिहावेत, नाहीतर गंभीर धोके त्यांच्या गर्दीत हरवतात. ऑपरेशन न केल्यास काय होईल, हेही हवंच. शेवटी दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात: मधुमेह, जुनं ऑपरेशन, सुजलेलं पित्ताशय अशा कारणांनी याच रुग्णाला कोणता धोका जास्त आहे, ते डॉक्टरांनी हाताने लिहावं.

दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, हा मुद्दा स्वतंत्रच हवा. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की जिवावरची निकड नसेल तर एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. त्या रुग्णाने तपासणीसाठी संमती दिली होती. भुलीत असताना तिचं गर्भाशय काढलं गेलं.

नवा कागद तयार झाला, की तो न लिहिणाऱ्या डॉक्टरांनी क्रमांक ताडून पाहावेत. एकही क्रमांक गळाला असेल, तर तो कागद रुग्णापुढे ठेवू नये.