चूक कोणत्या आकड्यांवर उघडी पडते?

सीबीएसईच्या बारावीच्या संगणकशास्त्राच्या पेपरात एक ओळखीचा प्रश्न असतो: दिलेल्या पायथन कोडमधल्या वाक्यरचनेच्या चुका दुरुस्त करा आणि प्रत्येक दुरुस्ती अधोरेखित करा. कुठे कोलन राहिलेला असतो, कुठे कंस. पण अशा चुका प्रोग्रॅम चालवायला घेताच संगणक स्वतःच दाखवतो. माणसाची गरज लागते ती प्रोग्रॅम बिनतक्रार चालून चुकीचे उत्तर देतो तेव्हा. ती पारख करणारा प्रश्न असा असू शकतो. यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधायची आहे आणि यादी रिकामी नाही:

```
def largest(a):
    m = 0
    for x in a:
        if x > m:
            m = x
    return m
```

इथे वाक्यरचनेची एकही चूक नाही. `[4, 9, 2]` दिले की 9 हे बरोबर उत्तर येते. म्हणून ‘चूक शोधा’ एवढेच न विचारता तीन गोष्टी विचाराव्यात: उत्तर चुकेल अशी एक यादी द्या, कोणकोणत्या याद्यांवर ते चुकेल ते सांगा आणि कोड दुरुस्त करा.

पहिले अनेकांना जमते. `[-7, -3, -12]` दिल्यावर एकही संख्या शून्याहून मोठी नसल्याने `m` बदलतच नाही आणि यादीत नसलेले 0 हे उत्तर येते. कस लागतो तो दुसऱ्या भागात. ‘यादीत ऋण संख्या असली की चुकते’ असे लिहिणाऱ्याने कोड ओळीओळीने तपासलेला नसतो, कारण `[-5, 4]` वर 4 हे उत्तर बरोबरच येते. सगळ्याच संख्या शून्याहून लहान असतील तेव्हाच ते चुकते.

दुरुस्तीतूनही समज कळते. कुणी `m = -1` लिहितो, कुणी `m = -1000`. पहिल्याचे `[-7, -3]` वर चुकेल, दुसऱ्याचे `[-5000, -2000]` वर. दोघांनी चूक पुढे ढकलली, घालवली नाही. `m = a[0]` लिहिणाऱ्याला कारण समजलेले असते: सुरुवातीची किंमत बाहेरून न आणता यादीतूनच घ्यायला हवी. म्हणून गुणही यादी, कारण आणि दुरुस्ती यांना वेगवेगळे द्यावेत. तपासायला वेळ जास्त लागतो, पण विद्यार्थी नेमका कुठे अडला ते दिसते.

या प्रश्नाला एक मर्यादा आहे. तो दरवर्षी तसाच आला, तर ‘शून्याऐवजी `a[0]`’ हेही पाठ होईल. मग पुढच्या वर्षी सर्वांत लहान संख्या शोधायला सांगावी आणि सुरुवात `m = 100` अशी ठेवावी. कारण समजलेला विद्यार्थी शंभराहून मोठ्या संख्यांचीच यादी लिहून दाखवेल. नुसते पाठ केलेला ऋण संख्या लिहील आणि त्यांवर हा कोड अगदी बरोबर उत्तर देईल.