दुकानाचा हिशेब (७) : आषाढातला भाव

तालुक्याच्या गावातल्या साडीच्या दुकानाला आषाढ जड जातो. लग्नसराई संपलेली असते, शेतकऱ्याच्या हातातला पैसा बी-खतात गेलेला असतो आणि सणांची खरेदी अजून लांब असते. अशा महिन्यात कोणी पडत्या भावाने माल मागितला, तर ‘यात पूर्ण खर्चही निघत नाही’ असे म्हणून दुकानदार सहसा नकार देतो. तो नकार योग्य आहे की नाही, हे त्या ‘पूर्ण खर्चात’ काय काय धरले आहे यावर ठरते.

उदाहरणादाखल एक दुकान घेऊ आणि जीएसटी बाजूला ठेवू. एक साडी घाऊक बाजारात ७०० रुपयांना मिळते. वाहतूक, हमाली आणि पिशवीचे २० रुपये वेगळे. साडी खपली की तिच्या जागी दुसरी आणायला हे ७२० रुपये लागतात. भाडे, दोन नोकरांचे पगार, वीज आणि कर्जाचे व्याज यांवर महिन्याला ६०,००० रुपये जातात. ते एकही साडी खपली नाही तरी जातात. एरवी महिन्याला ३०० साड्या खपतात, म्हणून मालक दर साडीवर २०० रुपये दुकानखर्च चढवतो. पूर्ण खर्च ९२० रुपये झाला आणि विक्री १,००० रुपयांना.

आषाढात १०० साड्याच खपल्या, तर तेच ६०,००० रुपये शंभरांत वाटले जातात आणि पूर्ण खर्च १,३२० रुपये होतो. हा आकडा प्रमाण मानला तर मंदीत भाव वाढवावा लागेल. मग विक्री ६० साड्यांवर येईल आणि पूर्ण खर्च १,७२० दिसेल. हिशेब बिनचूक, पण दुकान बंद पडायच्या वाटेला! त्या २०० रुपयांचा अर्थ नेहमीच्या खपापुरताच आहे. एक साडी जास्त विकल्याने भाडे २०० रुपयांनी वाढत नाही.

आता एका रुग्णालयाला महिला कर्मचाऱ्यांसाठी ४० एकसारख्या साड्या हव्या आहेत, रोखीने, ८४० रुपयांना. पूर्ण खर्चाच्या हिशेबाने दर साडीमागे ८० रुपये तोटा दिसतो. प्रत्यक्षात ७२० वजा जाता १२० रुपये उरतात. लेखाशास्त्रात याला अंशदान म्हणतात : स्थिर खर्च भागवायला त्या विक्रीने दिलेला वाटा. मागणी नाकारली तर १०० साड्यांचे २८० रुपयांप्रमाणे २८,००० रुपये येतात आणि महिना ३२,००० रुपयांच्या तोट्यात जातो. स्वीकारली तर ४,८०० रुपये जास्त येऊन तोटा २७,२०० वर उतरतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जे. एम. क्लार्क यांनी १९२३ साली स्थिर खर्चावरच्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता : वेगवेगळ्या निर्णयांसाठी खर्चाचे आकडेही वेगवेगळे लागतात.

हे गणित एका अटीवर उभे आहे : ते गिऱ्हाईक एरवी पूर्ण भावाने येणारे नसावे. दुकानाबाहेर ‘सर्व साड्या ८४०’ अशी पाटी लावली, तर एरवी १,००० देणारेही ८४० च देतील. मग २८,००० रुपये उभे करायलाच २३४ साड्या खपाव्या लागतील, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय श्रावण-भाद्रपदात घ्यायची साडी लोक आषाढातच स्वस्तात घेऊन ठेवतील. रुग्णालयाची मागणी या दृष्टीने सोयीची, कारण ती काउंटरवरच्या गिऱ्हाइकांपासून वेगळी राहते. उधारीचाही विचार हवा. ३३,६०० रुपये तीन महिने अडकले, तर वार्षिक १२ टक्क्यांनी १,००८ रुपये व्याजात जातात; ४,८०० मधला पाचवा हिस्सा गेला.

भावाचा तळही दर वेळी ७२० नसतो. घाऊक भाव वाढून ७६० झाला असेल, तर साडी जुन्या भावाने घेतलेली असली तरी तळ ७८० धरावा, कारण तिची जागा नव्या भावानेच भरायची आहे. उलट, रंग उडालेली किंवा नक्षी जुनी झालेली साडी पुन्हा आणायचीच नसते. तिच्या खरेदी भावाला आता अर्थ नाही. पुढे तिला जे काही मिळू शकेल, तोच तिचा तळ. या बाबतीत बिलावरच्या आकड्याचा मोह दुकानदाराला फार महागात पडतो.

दसरा-दिवाळीत काउंटरवर गर्दी असताना मात्र ८४० ची मागणी घेणे चूक ठरते. तिथे नोकराचा वेळ आणि कपाटातला माल १,००० च्या गिऱ्हाइकाकडून काढून घेतला जातो. वर्षभर ८४० ला विकायचे म्हटले, तर ६०,००० भागवायला दर महिन्याला ५०० साड्या खपवाव्या लागतील. आणि भाडेकरार संपत आला की ते भाडेही स्थिर राहत नाही. करार पुन्हा करावा की दुकान लहान जागेत न्यावे, हे ठरवताना पुढच्या वर्षभरातल्या विक्रीतून भाड्यासह सगळा खर्च निघतो का, हेच पाहावे लागते. तिथे आषाढातला ७२० चा तळ उपयोगी पडत नाही.