कोथिंबिरीची जुडी आणि मागणीचा गुंता

प्रथम वर्ष वाणिज्यच्या वर्गात मागणीचा नियम शिकवून झाला की एक प्रश्न हमखास येतो. भाव वाढला की मागणी घटते असं पुस्तक सांगतं. पण लग्नसराईत कोथिंबीर महाग असते आणि तरी हातोहात खपते, मग नियम चुकला का? दुसरा कोणी त्याहून पुढे जातो. भाव वाढला की मागणी घटते, मागणी घटली की भाव उतरतो, भाव उतरला की मागणी पुन्हा वाढते. असं असेल तर भाव ठरतो तरी कधी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फळ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा काढून त्यांचं समाधान होत नाही, म्हणून मी त्या तासाला पुस्तक मिटून सकाळच्या भाजीबाजाराबद्दल बोलतो. जे बोलतो ते इथे मांडतो आहे.

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी पालेभाज्यांची सगळ्यात मोठी आवक होते. एकट्या कोथिंबिरीच्या लाख-दीड लाख जुड्या येतात. आसपासच्या तालुक्यांतून रात्रीच टेम्पो निघतात, पहाटे गाळ्यांसमोर जुड्यांचे ढीग लागतात आणि आडते भाव बोलायला लागतात. हा भाव शेकड्यावर बोलला जातो. ‘शेकडा आठशे’ म्हणजे शंभर जुड्यांचे आठशे रुपये, एक जुडी आठ रुपयांना. खरेदीला येणारे बहुतेक किरकोळ विक्रेते, खानावळवाले, हॉटेलवाले. त्यांना उजाडायच्या आत माल घेऊन आपापल्या जागी पोचायचं असतं.

या घडीला पुरवठा किती आहे? ढिगात आहे तेवढाच. कोथिंबीर पेरल्यापासून साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी काढणीला येते. म्हणजे आज किती जुड्या येणार हे दीड महिन्यापूर्वी शेतात ठरलं, मधल्या पावसाने किंवा उन्हाने त्यात फेरफार केला आणि काल संध्याकाळच्या काढणीबरोबर विषय संपला. आता शेकडा चारशे निघो की दोन हजार, एक जुडीही जास्त येणार नाही. आणि एकही परत जाणार नाही, कारण दुपारपर्यंत पानं मलूल होतात आणि भिजलेली जुडी तर आतून कुजायला लागते. पुस्तकात पुरवठ्याची रेघ उजवीकडे वर चढत जाते. पहाटेच्या बाजारात ती सरळ उभी असते. आल्फ्रेड मार्शलने 1890 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्या मुद्द्यावर भर दिला तो हाच: पुरवठ्याबद्दल बोलताना आधी किती काळाबद्दल बोलतो आहोत हे सांगावं लागतं. एका सकाळीपुरता पुरवठा ठरलेला असतो आणि भाव किती निघेल ते घेणाऱ्यांवर अवलंबून राहतं.

आता घेणाऱ्यांकडे वळू. सोयीसाठी बाजार लहान धरू आणि आकडे मनाने घेऊ. समजा, सगळ्या गिऱ्हाइकांना विचारलं, ‘जुडी वीस रुपयांना मिळाली तर किती घ्याल?’ बेरीज आली 600 जुड्या. दहा रुपयांना किती? 1000. पाच रुपयांना? 1400. ही जी यादी तयार झाली, वेगवेगळ्या भावांना किती माल घ्यायची तयारी आहे त्याची, तिला अर्थशास्त्रात मागणी म्हणतात. एकट्या हजाराच्या आकड्याला नव्हे, सबंध यादीला.

बाजारात आज 1000 जुड्या आल्या आहेत. आडत्याने पंधराने सुरुवात केली. ज्यांना घाई आहे, ज्यांना निवडक हिरवागार माल हवा आहे, त्यांनी थोड्या उचलल्या. बाकीचे पुढच्या गाळ्यावर गेले. तासाभराने ढीग पाहिजे तसा हलत नाही, मालाला उठाव नाही, हे आडत्याला दिसतं आणि तो उतरतो. चौदा, बारा, अकरा. दहाच्या आसपास आल्यावर माल सपाट्याने जायला लागतो. उलट त्याने सात रुपयांनी सुरुवात केली असती तर निम्म्या सकाळीच ढीग संपला असता आणि उरलेली गिऱ्हाइकं आठ देतो, नऊ देतो म्हणत मागे लागली असती. दुसऱ्या दिवशी त्याने तसं केलं नसतं. ढीग संपणं आणि गिऱ्हाईक संपणं यांची वेळ जिथे जुळते तो भाव, याला समतोल म्हणतात. खऱ्या बाजारात तो अचूक दहावर कधीच लागत नाही. पहाटेचा पहिला सौदा आणि साडेआठचा शेवटचा सौदा यांत दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो, कारण शेवटी उरलेला माल कोमेजलेला असतो आणि घरी न्यायची सोय नसते. छापून येतो तो ‘आठशे ते पंधराशे’ असा पट्टा.

आता दुसरा प्रश्न आधी सोडवू. भाव पंधरावरून दहावर आला तेव्हा जास्त जुड्या खपल्या, पण यादी बदलली का? नाही. त्याच यादीत आपण वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर आलो. भावामुळे बदलली ती मागणीची नग. मागणी, म्हणजे यादी, जिथल्या तिथे आहे. त्यामुळे ‘मागणी वाढली म्हणून भाव पुन्हा चढला’ ही पुढची पायरी येतच नाही आणि गोल गोल फिरणं तिथेच थांबतं. परीक्षेतल्या निम्म्या चुका या एका जागी होतात.

लग्नसराईचं कोडंही याच यादीने सुटतं. लग्नाची दाट तिथी आली की केटररवाले बाजारात उतरतात. जी मंडळी कालपर्यंत दहा रुपयांना मिळून 1000 जुड्या घेत होती, त्यांत या नव्या गिऱ्हाइकांची भर पडली आणि आता दहा रुपयांना 1400 जुड्या हव्यात. वीसला 1000 हव्यात. यादीतली प्रत्येक ओळ बदलली. आवक मात्र हजारच. मग दहाला सगळ्यांना माल पुरत नाही आणि भाव वीसवर जाऊन थांबतो. इथे भाव वाढल्यामुळे मागणी वाढलेली नाही. मागणी वाढल्यामुळे भाव वाढला. आणि नियम तेव्हाही चालूच आहे, कारण वीस ऐकून जुडीऐवजी अर्धी जुडी घेणारी, किंवा आज कोथिंबिरीवाचून भागवणारी घरं असतातच. त्यांनी हात आखडता घेतला म्हणूनच केटररला माल मिळाला.

भाव चढलेला दिसला की तो कोणाकडून चढला हे कसं ओळखायचं? भावाच्या शेजारचा आवकेचा आकडा बघा. जुलैत संततधार लागते, शेतात पाणी साचून कोथिंबीर कुजते, आणि हजाराऐवजी 600 जुड्या येतात. जुन्याच यादीप्रमाणे भाव वीस. लग्नसराईतही वीस, पावसातही वीस. पण एकीकडे आवक तेवढीच आहे, दुसरीकडे घटलेली. भाव वर आणि आवक खाली असेल तर बहुधा पुरवठा आटला आहे. आवक तेवढीच किंवा जास्त असून भाव वर गेला असेल तर गिऱ्हाईक वाढलं आहे. वर्तमानपत्रातल्या बाजारभावाच्या बातमीत दोन्ही आकडे असतात. नुसता भाव बघून कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

याच आकड्यांत शेतकऱ्याचं एक जुनं दुखणं लपलेलं आहे. 600 जुड्या वीसने विकल्या तर सगळ्यांचे मिळून 12,000 रुपये होतात. 1000 जुड्या दहाने विकल्या तर 10,000. आणि पीक जोमदार येऊन 1400 जुड्या आल्या तर पाचाच्या भावाने फक्त 7,000. माल वाढला तसा पैसा कमी झाला. असं होतं, कारण कोथिंबीर स्वस्त झाली म्हणून कोणी आमटीत ती मूठभर जास्त घालत नाही. थोडासा जास्तीचा माल खपवायला भाव फार खाली आणावा लागतो. पुस्तकात याला अलवचीक मागणी म्हणतात. ज्याचं शेत पावसात वाचलं त्याची चांदी होते, ज्याचं कुजलं त्याच्या हाती काहीच येत नाही, हेही त्या बारा हजारांच्या बेरजेत दिसत नाही.

भाव आणखी पडला तर काय? जुडी काढायची, बांधायची मजुरी, टेम्पोचं भाडं, हमाली हे मिळून जुडीमागे तीन रुपये येतात असं धरा. बाजारात अडीच मिळणार असतील तर शेतकरी काढणीच करत नाही, उभ्या पिकात रोटर फिरवतो किंवा जनावरं सोडतो. बियाणं, खत, पाणी यांवरचा खर्च तोवर होऊन गेलेला असतो. तो काढणी केल्याने परत येत नाही आणि न केल्याने वाढत नाही. म्हणून त्या सकाळी तो हिशेबात धरायचा नसतो. पण हाच खर्च पुढच्या पेरणीच्या वेळी पहिल्या ओळीत येतो, आणि तिथे पुरवठ्याची ती चढती रेघ खरी ठरते. भावाला पुरवठा उत्तर देतो, फक्त ते उत्तर एका हंगामाने उशिरा पोचतं.

उशिराचं उत्तर किती महागात पडतं ते 2023 मध्ये टोमॅटोने दाखवलं. मे महिन्यात भाव इतका पडला की महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. अनेकांनी प्लॉट मोडले, नव्या लागवडीला हात आखडला. जुलैत माल कमी पडला आणि नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव निघाला. शहरांत किरकोळ भाव शंभराच्या पुढे गेला. तो भाव बघून जिकडेतिकडे लागवड झाली. टोमॅटोच्या रोपाला लावल्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत साधारण दोन-अडीच महिने लागतात. नवा माल यायला लागला आणि सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळले. त्यात पावसाचा, रोगाचा आणि इतर राज्यांतल्या आवकेचाही वाटा होता, पण सांगाडा हाच. निकोलस कॅल्डोर यांनी 1934 मध्ये या हेलकाव्याला कोळिष्टकाचं नाव दिलं, कारण आलेखावर त्याच्या रेघा तशाच विणल्या जातात.

मग शेतकरी शहाणे होऊन उलट का लावत नाहीत, असं विद्यार्थी विचारतात. काही लावतात. पण बाकीचे किती एकर लावणार हे त्या दिवशी कोणाला माहीत नसतं आणि एकाच्या एकराने बाजार हलत नाही. ज्यांना पुढचा अंदाज बांधायचा असतो ते आजच्या भावाकडे न बघता रोपवाटिकांकडे चौकशी करतात. रोपांसाठी नंबर लागले असतील तर दोन-अडीच महिन्यांनंतरची आवक तिथेच दिसायला लागते, आणि रोपं ट्रेमध्ये जून होत पडून असतील तर त्यावरूनही भाव सांगता येतो.